छपरावरचं शेवाळ: आधी मारा, मग काढा

पावसाळा सरत आला की कोकणातल्या घरमालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. कौलं हिरवीकाळी पडली आहेत, ॲसिड मारू की मशीननं धुऊन घेऊ? शहरातल्या सोसायटीत हाच प्रश्न गच्चीबद्दल विचारला जातो. तिथे शेवाळावरून कुणाचा तरी पाय घसरलेला असतो आणि पुढच्या रविवारी गच्ची घासून घ्यायचं ठरतं.

दोन्ही ठिकाणी माझं उत्तर एकच आहे: ॲसिड नको, जोराचं मशीनही नको. जिवंत शेवाळ खरवडणं हीच मूळ चूक आहे. ते आधी जागच्या जागी मारायचं, सुकू द्यायचं आणि मग हलक्या हातानं काढायचं. हा क्रम आणि त्याची वेळ सांभाळली तर कौल शाबूत राहतं आणि मेहनतही निम्मी होते. असं का होतं हे समजायला छपरावर कोण राहतं आणि ते कशाला धरून राहतं, हे आधी पाहू.

१. हिरवं, काळं, पांढरं: छपरावरचे तीन रहिवासी

बोलताना आपण सगळ्यालाच शेवाळ म्हणतो, पण छपरावर निदान तीन वेगळे जीव असतात आणि तिघांची पकड वेगळी असते.

पहिलं शैवाल. हे सूक्ष्म असतं आणि थर होऊन दिसतं. पावसात गच्चीवर येणारा बुळबुळीत हिरवा थर शैवालाचा. पाऊस संपल्यावर कठड्यावरून, सज्जाच्या कडेवरून खाली ओघळलेले काळे पट्टे दिसतात, त्यांना बरेच जण धूर किंवा काजळी समजतात. ते बहुतेक वेळा नील-हरित शैवाल असतं. कडक उन्हापासून बचावासाठी ते स्वतःभोवती गडद तपकिरी रंगद्रव्य तयार करतं, म्हणून उन्हाळ्यात ते काळं दिसतं. कोकणातल्या आणि केरळातल्या भिंतींवर नारिंगी-तांबडे मखमली डागही दिसतात. ते ‘ट्रेन्टेपोहलिया’ नावाचं शैवाल. ते हिरव्या शैवालांच्याच कुळातलं, पण पेशीत साठलेल्या नारिंगी रंगद्रव्यामुळे हिरवा रंग झाकला जातो. २००१ साली केरळात लाल पाऊस पडला आणि देशभर चर्चा झाली. तेव्हा झालेल्या तपासणीत पावसाच्या पाण्यात याच शैवालाचे बीजाणू सापडले होते.

दुसरी हरिता, म्हणजे गादीसारखं दिसणारं मऊ हिरवं शेवाळ. हिला खरी मुळं नसतात. बारीक तंतूंनी ती पृष्ठभागाला आणि साठलेल्या धुळीला धरून राहते, आणि पाणी मात्र सगळ्या अंगानं पिते. नोव्हेंबरनंतर ती तपकिरी होऊन आक्रसते. पाहणाऱ्याला वाटतं मेली, पण वळवाच्या पहिल्या सरीत ती पुन्हा हिरवी होते.

तिसरं दगडफूल. गोड्या मसाल्यात आपण घालतो ते दगडफूल याच गटातलं. बुरशी आणि शैवाल यांचा हा जोडजीव आहे. शैवाल अन्न तयार करतं, बुरशी घर बांधते आणि पृष्ठभागाला धरते. मसाल्यातलं दगडफूल पानासारखं सुटं असतं. कौलावर मात्र बहुतेक वेळा पांढरट-करडे, नाण्याएवढे गोल चट्टे दिसतात. त्यांची पकड सर्वांत चिवट असते, कारण बुरशीचे तंतू कौलाच्या छिद्रांत खोल गेलेले असतात. त्यांची वाढही फार सावकाश होते, वर्षाला मिलिमीटरच्या हिशेबात. तळव्याएवढा चट्टा दिसला तर तो कित्येक वर्षांचा आहे हे समजा.

ओळखायला दोन सोप्या चाचण्या पुरतात. सुकलेल्या डागावर नख ओढा. नखात चिकट किंवा भुकटीसारखा थर आला तर शैवाल. मातीसकट गादी उचलली गेली तर हरिता. काहीच हललं नाही आणि कौलच खरवडल्याचा आवाज आला तर दगडफूल. मग डागावर पाणी शिंपडून थोडा वेळ थांबा. करडं दगडफूल भिजलं की वरचा थर पारदर्शक होतो आणि आतलं शैवाल हिरवं दिसू लागतं. ही दुसरी चाचणी लक्षात ठेवा, औषध लागलं की नाही हे पाहायला तीच पुन्हा लागणार आहे.

२. ते कौलावर आणि काँक्रीटवरच का येतं?

कारण दोन्ही पदार्थ पाणी पितात. मंगलोरी कौल भाजलेल्या मातीचं. बासेल मिशननं १८६५ साली मंगळुरात या कौलांचा कारखाना काढला आणि तिथून ती सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरली. चांगलं भाजलेलं कौल वाजवलं की खणखणतं, कमी भाजलेलं बद्द वाजतं. बद्द वाजणारं कौल जास्त पाणी शोषतं आणि जास्त वेळ ओलं राहतं. म्हणून एकाच छपरावर शेजारशेजारच्या दोन कौलांपैकी एक लालभडक आणि दुसरं हिरवंगार असं दृश्य दिसतं. भट्टीतून निघालेल्या कौलाची वरची त्वचा आतल्या भागापेक्षा घट्ट असते. ही त्वचाच कौलाचं खरं संरक्षण, आणि ती एकदा गेली की परत आणता येत नाही.

काँक्रीटचं गणित थोडं वेगळं. ताजं काँक्रीट अतिशय अल्कधर्मी असतं, त्याचा पीएच १२ ते १३ असतो. एवढ्या अल्कात शैवालाचा टिकाव लागत नाही, म्हणून नवी गच्ची सुरुवातीला स्वच्छ राहते. पुढे हवेतला कार्बन डायऑक्साइड वरच्या थरातल्या चुन्याशी संयोग पावत राहतो आणि पृष्ठभागाचा पीएच ९ च्या आसपास उतरतो. तिथून शैवालाला मोकळं रान मिळतं. “पहिली दोन वर्षं काहीच नव्हतं, आता एकदम कसं आलं?” असं गच्चीचे मालक विचारतात, त्याचं कारण बहुतेकदा हेच असतं. सिमेंट खराब होतं असा अर्थ त्यातून काढू नये.

ओल किती वेळ टिकते यावर बाकी सगळं ठरतं. रत्नागिरीला वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तेव्हा पावसाळ्यात सगळंच छप्पर ओलं असतं. फरक पडतो तो पाऊस गेल्यावर. ऑक्टोबरपासून सूर्य दक्षिणेला सरकतो, त्यामुळे दक्षिणेकडचं पाखं लवकर सुकतं आणि उत्तरेकडचं आठवडेच्या आठवडे दमट राहतं. त्यात वर आंब्या-फणसाची फांदी असेल तर सावलीही मिळते आणि पानांचं खतही. छपराचा सगळ्यात हिरवा भाग नेमका तिथेच सापडतो.

३. पण काढायलाच हवं का?

दर वेळी नाही. हे मी आग्रहानं सांगतो, कारण निष्कारण केलेल्या सफाईनं पुष्कळ चांगली कौलं वाया गेली आहेत.

युरोपातल्या छपरांबद्दल वाचताना शेवाळाची फार भीती घातलेली दिसते. तिथे हिवाळ्यात कौलात मुरलेलं पाणी गोठतं, फुगतं आणि कौलाचे पापुद्रे उडवतं. शेवाळ पाणी धरून ठेवतं म्हणून ते तिथे धोक्याचं. कोकणात, गोव्यात, मुंबईत पाणी गोठत नाही. त्यामुळे खणखणीत कौलावर दगडफुलाचे चार चट्टे असतील तर ते राहू द्यावेत. दगडफूल आम्ल सोडतं आणि पृष्ठभाग सावकाश झिजवतं हे खरं, पण त्या झिजेला दशकं लागतात. तारेचा ब्रश तेवढंच नुकसान एका दुपारी करतो.

हरितेचं मात्र मनावर घ्यावं. मंगलोरी कौलाला उभ्या खाचा असतात, त्यांतून पाणी खाली जातं. दोन कौलं जिथे एकमेकांवर बसतात त्या सांध्यात आधी धूळ साठते, मग तिथे हरितेची गादी होते. खाच बुजली की पाणी आडवं फिरतं, सांध्यातून आत शिरतं आणि रीप भिजवतं. घरात एकाच जागी गळतं, पण कौल फुटलेलं नाही आणि गळतीचं कारण सापडत नाही, अशा वेळी वर जाऊन तिथला सांधा पाहा. पुष्कळदा तिथे बोटभर जाड हिरवा बांध सापडतो.

गच्चीवर शैवालाचा खरा धोका पाय घसरण्याचा. तेवढ्यासाठी ते काढलंच पाहिजे.

४. सफाईनं होणारं नुकसान

आता त्या दोन नेहमीच्या उपायांकडे येऊ. बाजारात मिळणारं ॲसिड म्हणजे पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिड. गच्चीवर ओतलं की फसफसून फेस येतो आणि काम होतंय असं वाटतं. तो फेस असतो सिमेंट विरघळल्याचा. वाळूच्या कणांना धरून ठेवणारा सिमेंटचा थर जातो, कण उघडे पडतात, पृष्ठभाग खरखरीत होतो. त्या खरखरीत पृष्ठभागात धूळ आणि ओल जास्त धरते, म्हणून पुढच्या पावसात शेवाळ आधीपेक्षा दाट येतं. मग पुन्हा ॲसिड. शिवाय ॲसिडमधला क्लोराइड काँक्रीटमध्ये मुरतो आणि भेगांतून सळईपर्यंत पोचला की तिला गंजवतो. भाजलेल्या कौलाला ॲसिड तितकं खात नाही, पण आढ्यावरच्या कौलांखाली भरलेला सिमेंटचा किंवा चुन्याचा माल ते खातं, आणि आढं गळू लागतं. चायना मोझेकच्या गच्चीत तुकडे तसेच राहतात, त्यांच्यामधल्या सांध्यांतलं सिमेंट जातं. व्हिनेगरही आम्लच आहे. सौम्य असल्यानं हळू खातं, पण खातं तेच.

गाड्या धुण्याच्या मशीनचा दाब १०० बारच्या पुढे जातो. घरातल्या नळाचा दाब एक-दोन बारच्या आसपास असतो. एवढ्या जोराच्या धारेत शेवाळ निघतं, त्याच्याबरोबर कौलाची ती भाजलेली त्वचाही निघते. धार खालून वर मारली तर पाणी सांध्यांतून थेट माळ्यावर जातं. मशीन चालू असताना एक गोष्ट पाहा: खाली येणारं पाणी हिरवट-काळं असेल तर शेवाळ जातंय. ते विटकरी झालं तर कौल जातंय. काँक्रीटवरून दुधाळ पाणी आलं आणि तळाशी वाळू बसली तर सिमेंट जातंय. काम झाल्यावर गडद रंगाचं ओलं फडकं पृष्ठभागावर घासून पाहा. कण चिकटले तर थर सुटला आहे.

मीठ पसरण्याचा उपाय काही ठिकाणी करतात. मिठाचं पाणी छिद्रांत जातं, सुकताना त्याचे स्फटिक वाढतात आणि आतून ढकलून पृष्ठभाग भुसभुशीत करतात. तो करू नये.

कोकणात आणखी एक मोह होतो. सुपारीच्या बागांवर कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण मारतात, त्यामुळे मोरचूद घरात असतो. तांब्यानं शैवाल मरतं हे खरं आहे. पण मोरचुदाचं पाणी लोखंडी खिळ्यांवर आणि पत्र्याच्या पन्हळीवर गेलं की तांबं लोखंडावर बसतं आणि लोखंड खाल्लं जातं. चुन्याच्या भिंतीवर ओघळलं तर निळे डाग पडतात. तो बागेतच वापरावा.

५. कौलांचं छप्पर: दिवाळीनंतर फवारणी, उन्हाळ्यात सफाई

जखमेवरची खपली ओली असताना ओढली तर कातडी सोलवटते, सुकली की ती आपोआप सुटते. कौलावरच्या वाढीचं तसंच आहे. जिवंत तंतू छिद्रांत घट्ट असतात. ते मेले की आक्रसतात, ठिसूळ होतात आणि पकड सैल पडते. म्हणून मारणं आणि काढणं ही दोन कामं वेगळी करायची आणि मध्ये काही महिने जाऊ द्यायचे.

मारण्यासाठी मी बेंझाल्कोनियम क्लोराइड सुचवतो. व्यापारी याला बीकेसी म्हणतात. कोंबड्यांच्या शेड आणि कोळंबीची तळी निर्जंतुक करायला ते वापरतात, म्हणून किनाऱ्यावर ते मिळवणं अवघड नसतं. ५० टक्के आणि ८० टक्के अशा तीव्रतेत ते येतं, लेबल वाचूनच घ्या. ते पेशीचं आवरण फोडतं. सिमेंट विरघळवत नाही, रंग उडवत नाही, धुवावंही लागत नाही. मात्र घाई असेल तर ते उपयोगाचं नाही. शैवाल दोन-तीन आठवड्यांत तपकिरी होतं, हरितेला एक-दोन महिने लागतात, दगडफुलाला अनेकदा एक अख्खं वर्ष.

फवारणी केव्हा करायची हा प्रश्न औषधाइतकाच महत्त्वाचा आहे. उन्हाळ्यात हे जीव सुकून झोपलेले असतात, तेव्हा औषध आत शिरत नाही. भर पावसात ते वाहून जातं. पाऊस संपला आहे, छप्पर वरून सुकलंय, पण शेवाळ अजून हिरवं आहे, असे दिवस हवेत. कोकणात ते ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत मिळतात.

एक छप्पर हिशेबानं पाहू. समजा, रत्नागिरीजवळच्या एका घराचं उत्तरेकडचं पाखं ८ मीटर लांब आणि ५ मीटर उताराचं आहे, म्हणजे ४० चौरस मीटर. कौलं साधारण ६००. वर फणसाची फांदी, खालच्या चार ओळींत हरितेच्या गाद्या, मधल्या भागात काळं शैवाल, आढ्याजवळ दगडफुलाचे चट्टे.

पहिल्या दिवशी फांदी छाटायची आणि पानं झाडायची. सांध्यांतल्या जाड गाद्या बांबूच्या चपट्या कामटीनं उचलायच्या. लोखंडी उलथनं किंवा पत्री नको. गादीच्या तळाशी राहिलेला हिरवा पापुद्रा खरवडायचा नाही, तो औषधासाठी सोडायचा. साबण किंवा धुण्याची पावडर वापरायची नाही, कारण साबणानं बीकेसी निकामी होतं.

फवारणीला दर चौरस मीटरला सुमारे पाव लिटर द्रावण लागतं, म्हणजे ४० चौरस मीटरला १० लिटर. द्रावण दीड टक्क्याचं हवं. दहा लिटरचा दीड टक्का म्हणजे १५० मिलिलिटर शुद्ध औषध. आपल्याकडचं औषध ५० टक्क्यांचं, म्हणून दुप्पट, ३०० मिलिलिटर घ्यायचं. बादलीत आधी ९ लिटर ७०० मिलिलिटर पाणी, मग त्यात औषध, अशा क्रमानं ओतलं की फेस कमी होतो आणि तोंडावर उडत नाही. ८० टक्क्यांचं असेल तर १९० मिलिलिटरच्या आसपास पुरतं.

पुढचे दोन दिवस पाऊस नाही याची खात्री करून, ऊन उतरल्यावर, पाठीवरच्या पंपानं कमी दाबात फवारायचं. आढ्याकडून खाली येत जायचं. कौल ओलं दिसलं पाहिजे, पण खाली ओघळ येता कामा नयेत. दगडफुलावर हात थोडा जास्त वेळ थांबवायचा. पंप तणनाशकाचा असेल तर तो वापरू नये, त्यातले अंश खालच्या झाडांवर पडतात. चष्मा आणि रबरी हातमोजे घालायलाच हवेत, कारण दाट बीकेसी डोळ्यात गेलं तर डोळ्याला कायमची इजा होऊ शकते.

आणि पाण्याची काळजी घ्या. बीकेसी माशांना आणि बेडकांना विषारी आहे. छपराचं पाणी विहिरीत किंवा टाकीत सोडणारा पाइप असेल तर तो फवारणीआधी सोडवून बाजूला करायचा आणि पुढच्या पावसाळ्यात पहिल्या काही जोरदार सरी वाहून गेल्यावरच परत जोडायचा.

जानेवारीत वर जाऊन दुसरी चाचणी करा. डागावर पाणी शिंपडा. काळा पट्टा तसाच तपकिरी राहिला, हरिता पिवळीच राहिली, तर ती मेली. कुठे हिरवं उमटलं तर त्या जागेपुरती पुन्हा फवारणी करायची, आदल्या संध्याकाळी ती जागा पाण्यानं भिजवून. सुकलेल्या जीवाला जाग आली की औषध लागू पडतं.

खरी सफाई एप्रिल-मेमध्ये, शाकारणीच्या वेळी. कौलं परतताना ती हातात येतातच. काथ्याच्या किंवा नायलॉनच्या ब्रशनं, कौलाच्या खाचेच्या दिशेनं, कोरडंच झाडायचं. नाकावर मास्क हवा, ही धूळ बुरशीची आहे. मेलेली हरिता पापुद्र्यानं सुटते. शैवाल भुकटी होऊन पडतं. दगडफुलाचा जो भाग सुटतो तेवढाच काढायचा. राहिलेले पांढरे ठसे पुढच्या एक-दोन पावसाळ्यांत पाऊस स्वतः धुतो. ते घासून काढण्याच्या हट्टापायी कौलाची त्वचा घालवू नका. बद्द वाजणारी कौलं याच वेळी बाजूला काढून बदलावीत, ती दर वर्षी हिरवी होणारच आहेत.

कौलावर चढताना पाय कौलाच्या मधोमध कधी देऊ नये. खाली रीप असते त्या ओळीवर, आडवी फळी टाकून, वजन पसरवून चालावं. ओल्या कौलावर चढूच नये.

६. गच्ची: आज पाय घसरतोय, उद्या हवी

गच्चीवर महिनोन्महिने थांबता येत नाही. ऐन पावसाळ्यात हिरवा थर काढायचा असेल तर क्लोरीन वापरावं लागतं, पण मोजून. टाक्या धुण्यासाठी मिळणारं सोडियम हायपोक्लोराइट ताजं असताना १० टक्क्यांच्या आसपास असतं. त्याच्या एका लिटरमध्ये ९ लिटर पाणी घातलं की १ टक्क्याचं द्रावण होतं. तेवढं पुरतं. ग्रामपंचायतीकडून विहिरीसाठी मिळणारी टीसीएल पावडर वापरायची तर तिच्यात ताजी असताना सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतं. ३०० ग्रॅम पावडर १० लिटर पाण्यात घातली की तेच १ टक्का. पावडर ढवळून तासभर बसू द्या आणि वरची निवळीच घ्या, गाळ ओतला तर गच्चीवर चुन्याचे पांढरे डाग राहतात. बाटली जुनी किंवा उन्हात ठेवलेली असेल तर औषध उतरलेलं असतं.

पाऊस थांबलेल्या वेळी काम करा. आधी गच्ची साध्या पाण्यानं भिजवा, म्हणजे छिद्रं पाण्यानं भरतात आणि क्लोरीनचं पाणी खोल मुरत नाही. दोन-तीन चौरस मीटरचा तुकडा घ्यायचा, द्रावण शिंपडायचं, दहा मिनिटं ओलं ठेवायचं. हिरवा रंग डोळ्यांदेखत फिका होतो. मग नायलॉनच्या खराट्यानं झाडून भरपूर पाण्यानं धुवायचं. हे धुणं टाळू नका. क्लोरीनचं काम संपल्यावर मागे मीठच उरतं, आणि मीठ काय करतं ते वर आलंच आहे. त्या मिठातही सळईला गंजवणारा क्लोराइड असतो, म्हणून जिथे सळई उघडी पडली आहे किंवा तिच्या गंजाचे तांबडे ओघळ आहेत तिथे हायपोक्लोराइट वापरू नये. ते कौलांवर आणि पत्र्याच्या पन्हळींवरही मी सुचवत नाही.

एक गोष्ट जिवाशी संबंधित आहे. हायपोक्लोराइट किंवा टीसीएल ॲसिडबरोबर कधीही, कुठल्याही प्रमाणात मिसळू नये. एकानं काम झालं नाही म्हणून त्याच जागेवर दुसरं ओतणं हेही मिसळणंच आहे. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद मोरीत किंवा जिन्यात तो माणसाला आडवा करतो. अमोनिया असलेल्या क्लीनरबरोबरही मिसळू नये.

७. सिमेंटचे जुने पत्रे

जुन्या चाळी, गोठे आणि शेडवर सिमेंटचे नागमोडी पत्रे असतात. त्यांत पुष्कळदा ॲस्बेस्टॉस असतं. पत्र्यावर शेवाळ आलं असेल तर ब्रश मारू नका, कोरडं झाडू नका, मशीन तर अजिबात लावू नका. सिमेंटचा वरचा थर गेला की ॲस्बेस्टॉसचे तंतू मोकळे होतात आणि ते श्वासातून गेले तर वर्षांनी फुप्फुसाचे गंभीर आजार होतात. असा पत्रा जुना झाला असेल तर बदलणं हाच मार्ग, आणि तोपर्यंत शेवाळ राहू द्यावं.

८. पुन्हा येऊ नये म्हणून

पुन्हा येणार. बीजाणू हवेत असतातच. प्रश्न किती वर्षांनी, एवढाच. वर सांगितल्याप्रमाणे केलेलं छप्पर मोकळ्या जागेत तीन-चार वर्षं चांगलं राहतं, झाडाखाली त्याहून कमी.

कौलांना लाल रंग देण्याची पद्धत वाढली आहे. ओलसर कौलावर किंवा जिवंत शेवाळावर रंग दिला तर ओल आत अडकते, रंगाला फोड येतात आणि पापुद्र्याखाली शैवाल पुन्हा वाढतं. द्यायचाच तर उन्हाळ्यात, पूर्ण सुकलेल्या, झाडलेल्या कौलावर. रंगापेक्षा सिलेन-सिलॉक्सेन जातीचं पाणीरोधक बरं, ते वर पापुद्रा न करता छिद्रांच्या भिंतींना लागतं, त्यामुळे कौलातली वाफ बाहेर पडू शकते. कठड्यांना दर वर्षी चुना देण्याची जुनी पद्धतही बरोबर आहे: चुना अल्क आहे आणि कठड्याला एक हंगाम तरी मोकळा ठेवतो.

गच्चीवर मात्र आधी उतार पाहा. पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशी वर जा आणि जिथे पाणी साचलेलं दिसेल तिथे खडूनं रेघ मारा. हिरवा डाग त्या रेघेच्या आतच असेल. तेवढ्या भागाचा कोबा उकरून उतार दुरुस्त केला तर तिथे दर वर्षीचं औषध लागत नाही. कौलांच्या छपराला तोच नियम फांदीच्या रूपात लागू आहे. म्हणून औषध आणायला जाण्याआधी उत्तरेकडच्या पाखावर आलेल्या फांद्या छाटून घ्या, पन्हळ मोकळी करा, आणि विहिरीचा पाइप सोडवायला विसरू नका.